मायन्याबाहेर सांडलेली नम्रता

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परभणी जिल्ह्याबाहेरही ठाऊक असलेले गाव असले, तरी महसूल खात्याच्या दफ्तरात त्याची ओळख एका मंडळाचे ठाणे एवढीच आहे. आणि ज्या दिवशी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस होऊन या मंडळाच्या नावापुढे ‘अतिवृष्टी’ असा शेरा पडतो, त्या दिवसापासून तेथील ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या तलाठ्याच्या, हातातील भ्रमणध्वनीला विसावा उरत नाही. ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांना सोबत घेऊन त्याने शेतोशेत हिंडावयाचे, कोणाचे पीक ३३ टक्के वा त्याहून अधिक गेले हे पाहावयाचे, पंचनामा करावयाचा आणि कामाची प्रगती मंडळ अधिकाऱ्यास व तहसील कचेरीस कळवीत राहावयाचे. पंचनाम्याचा नमुना ठरलेला असतो. ‘कळवीत राहण्या’चा नमुना मात्र कोणीच ठरवून दिलेला नसल्यामुळे, नव्याने नेमणूक झालेला तरुण तेथे आपल्या स्वभावाच्या, किंवा भीतीच्या, हवाली होतो.

अशा एखाद्या तरुणाने पंचनाम्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी आपल्या मंडळ अधिकाऱ्यास धाडलेला निरोप कसा असेल, याची कल्पना करू. सरकारी वा खाजगी चाकरीत ज्यांनी हाताखालच्या मंडळींचे मसुदे तपासले आहेत, त्यांना तो अपरिचित वाटणार नाही.

‘नमस्कार साहेब, आपण कामात असाल, त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व. मी नवीन आहे साहेब, काही चुकत असेल तर सांभाळून घ्यावे. पंचनाम्याचे काम जवळपास होत आले आहे, पण थोडेसे राहून जाईल की काय असे वाटते. ओढ्यापलीकडचे काही गट बहुधा बघायचे राहिले आहेत. पाणी होते म्हणून जाता आले नाही, माझीच चूक आहे. जमल्यास एखाद-दोन दिवस वाढवून मिळाले तर बरे होईल, नाही मिळाले तरी काही हरकत नाही. पुन्हा एकदा माफी असावी साहेब.’

या निरोपात सौजन्याचा दुष्काळ नाही; दुष्काळ आहे तो माहितीचा. किती खातेदार राहिले, ते कशामुळे राहिले, केव्हा पुरे होतील आणि वरिष्ठाने नेमके काय करावयाचे, या चार प्रश्नांपैकी एकाचेही धड उत्तर त्यात नसून, वाचणाऱ्या अंमलदारास उलट दूरध्वनी करून ती उत्तरे काढून घ्यावी लागतात, आणि ज्या त्रासाबद्दल लेखकाने आरंभी क्षमा मागितली तोच त्रास या क्षमायाचनेमुळेच उत्पन्न होतो. शिवाय त्यात दोन विधाने सरळ असत्य आहेत. ओढ्याला पाणी आले ही तलाठ्याची चूक नव्हे. आणि मुदत न मिळाल्यास ‘काही हरकत नाही’ हे तर मुळीच खरे नाही, कारण ज्याचा पंचनामा झाला नाही त्या शेतकऱ्याचे नाव मदतीच्या यादीत लागत नाही. शेतकऱ्याच्या वतीने ‘हरकत नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या तरुणास कोणी दिला होता?

नम्रतेची ही अतिवृष्टी आपल्याकडे पूर्वापार आहे, असे पुष्कळांस वाटते. जुना पत्रव्यवहार पाहिला म्हणजे मात्र हा समज टिकत नाही. पेशवाईतील पत्रे काढून पाहावीत. ‘स्वामींचे सेवेसी’, ‘विनंती सेवक’, ‘कृतानेक विज्ञापना’ असा मायना झाला, येथील कुशल कळवून तेथील कुशल विचारून झाले, की ‘विशेष’ हा शब्द येतो. आणि त्याच्या पुढे फौज किती, रसद किती, पैका किती थकला आणि काय आज्ञा हवी, हे कसलाही आडपडदा न ठेवता लिहिलेले असते. शेवटी पुन्हा एक विनयाचे वाक्य आणि त्याखाली लेखनसीमेचा शिक्का. निजामी अंमलात मराठवाड्यातील अर्जदार उर्दू अर्जाखाली स्वतःस ‘फिदवी’ म्हणवीत असे, आणि इंग्रजी अंमलातील कारकून ‘आपला आज्ञाधारक सेवक’ म्हणून सही करीत असे, परंतु या साऱ्या लवून मुजरा करणाऱ्या शब्दांना कागदावर आपापली जागा नेमून दिलेली होती. विनय उंबरठ्यावर उभा राही. मजकुरात शिरत नसे. आजच्या भ्रमणध्वनीवरील निरोपाला मायना राहिला नाही, समाप्तीचा शिक्का राहिला नाही, आणि ज्याला बसावयास ठरलेली जागा उरली नाही तो विनय वाक्यावाक्यांत पसरून बसला, असे माझे मत आहे.

आता हाच निरोप अनुभवी अव्वल कारकुनाने सुधारून द्यावयाचा झाला तर तो कसा देईल? तो प्रथम लेखणी उचलणार नाही. तो विचारील की, ‘साहेबांनी हे वाचून काय करावे असे तुला वाटते?’ तरुण म्हणेल, ‘गुरुवारपर्यंत मुदत द्यावी.’ मग तो विचारील, ‘राहिले किती?’ आणि येथे बहुतेक वेळा असे आढळते की, ‘काही’, ‘थोडेसे’, ‘जवळपास’ हे शब्द विनयापोटी आलेलेच नव्हते. आकडा मोजलेला नव्हता म्हणून ते आले होते. यादी काढून मोजल्यावर जो मजकूर तयार होतो तो असा:

‘महोदय, नमस्कार. पंचनाम्यांची उद्याची मुदत गुरुवार सायंकाळपर्यंत वाढवून द्यावी, ही विनंती. माझ्या सजातील २१२ बाधित खातेदारांपैकी १७४ जणांचे पंचनामे पूर्ण झाले आहेत. उरलेल्या ३८ जणांची शेते ओढ्यापलीकडे असून शनिवारपासून पाणी असल्यामुळे तेथे जाता आले नाही. आज दुपारी पाणी ओसरले आहे. कृषी सहाय्यकांसह उद्या व परवा हे काम पूर्ण होईल. मुदतवाढ शक्य नसल्यास उद्या सकाळी आणखी एक पथक द्यावे. आज सायंकाळी सहापर्यंत कळविल्यास त्याप्रमाणे खातेदारांना शेतावर बोलाविता येईल.’

क्षमा एकदाही मागितलेली नाही, आणि तरीही या मजकुरात उद्धटपणाचा लवलेश नाही. याचे श्रेय मराठीच्या विध्यर्थास आहे. ‘द्या’ म्हटले तर आज्ञा होते, ‘देता आली तर बघा’ म्हटले तर मागणीच विरघळून जाते, परंतु ‘द्यावी’ या रूपात समोरच्याचा अधिकार आणि आपली मागणी या दोन्ही गोष्टी शाबूत राहतात. म्हणूनच सरकारी मराठीने ‘मंजुरी द्यावी, ही विनंती’ हा साचा इतकी वर्षे टाकला नाही. सायंकाळी सहाची वेळ कनिष्ठाने वरिष्ठास घालून द्यावी हे कोणास खटकेल, परंतु त्या वेळेस कारण जोडलेले आहे, आणि कारण जोडलेली मुदत ही तंबी होत नाही. कारण काढून टाका, म्हणजे तेच वाक्य उर्मट वाटू लागेल. आत्मविश्वासाच्या नावाखाली पुष्कळांचे जे चुकते ते येथेच. ते क्षमा काढतात, तिच्याबरोबर कारणही काढतात, आणि ‘मुदत वाढवावी लागेल, आज कळवा’ असा एक ठोकळा उरतो.

याहून सूक्ष्म चूक अशी की, शंकादर्शक शब्द दिसला की तो खोडावयाचा. ‘बहुधा’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द स्वतः अपराधी नाहीत. ओढ्यापलीकडील नुकसान पाहिलेच नसेल, तर ‘३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले आहे’ असे छातीठोक लिहिणे हा आत्मविश्वास नसून खोटा दाखला होय. तेथे ‘नुकसानीचे प्रमाण पाहणीनंतर गुरुवारी कळवितो’ असे लिहावे. जे ठाऊक आहे ते निःसंदिग्ध, जे ठाऊक नाही तेही निःसंदिग्ध, आणि ते केव्हा कळेल याची तारीख. इतके केले की खऱ्या शंकेला जागा मिळते आणि भित्रेपणाची शंका आपोआप गळते.

क्षमेचेही तसेच. समजा, कालच्या यादीत या तरुणाने गट क्रमांक ११८ ऐवजी १८१ लिहिला. नेमक्या अशा वेळी, ओढ्याच्या पाण्याबद्दल ‘माझीच चूक’ म्हणणारा हाच माणूस, ‘यादीत क्रमांक चुकून इकडचा तिकडे झाला असावा’ असे कर्तृहीन वाक्य लिहितो. जेथे दोष नाही तेथे ‘मी’ आणि जेथे दोष आहे तेथे कोणीच नाही, असा हा उलटा हिशेब आहे. सरळ मजकूर एवढाच: ‘कालच्या यादीत मी गट क्रमांक ११८ ऐवजी १८१ लिहिला, त्याबद्दल दिलगीर आहे. दुरुस्त यादी सोबत पाठवीत आहे. कालची यादी रद्द समजावी.’ एक क्षमा, एका चुकीसाठी, दुरुस्तीसह. उगाच दिलेल्या कबुलीचा आणखी एक धोका नव्या नोकरदारांस कोणी सांगत नाही: लेखी निरोप दफ्तरी राहतो, आणि पुढे कारणे दाखवा नोटीस निघून खुलासा देण्याची पाळी आली, तर सौजन्यापोटी लिहिलेले ‘माझीच चूक आहे’ हे वाक्य कबुलीजबाब म्हणून समोर ठेवले जाऊ शकते.

सौम्य शब्दाची किंमत कधी कधी फार मोठी पडते. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाचे आवियांका ५२ हे विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालीत असता, वैमानिकांनी नियंत्रकांस ‘प्राधान्य हवे’ आणि ‘इंधन संपत आले आहे’ असे कळविले, परंतु ‘आणीबाणी’ हा शब्द, जो उच्चारल्यावर नियंत्रकास बाकी सारे सोडून वाट मोकळी करणे भाग पडते, तो नियंत्रकांपुढे कोणीही उच्चारला नाही. इंधन संपून विमान पडले. १५८ पैकी ७३ जण गेले. भाषेची अडचण, खराब हवामान, नियंत्रकांची ढिलाई अशी त्या अपघाताची इतरही कारणे होती. पण अवघडलेला माणूस संकट सांगतानाही सूचक बोलतो, याचे ते उदाहरण म्हणून सांगितले जाते.

आपल्या कचेऱ्यांत दोष एकट्या कनिष्ठाचा असतो असे मी मानीत नाही. पहिल्याच महिन्यात ‘मला मुदत मागतोस?’ असे ज्यास ऐकावे लागले, तो पुढील दहा वर्षे ‘जमल्यास’ लिहिणारच. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर अडकून राहू नये असे बंधन घातले आहे. पण मोघम निरोपास उलट प्रश्न विचारण्यात जे दिवस जातात, त्यांची नोंद कोठेच होत नाही. तेव्हा वरिष्ठांस एवढीच विनंती आहे की, असा क्षमायाचनेने ओथंबलेला निरोप आला म्हणजे तो सुधारून स्वतःच पुढे पाठवू नये. ‘किती राहिले, केव्हा होईल, माझ्याकडून काय हवे?’ एवढे तीन प्रश्न लिहून तो परत धाडावा, आणि उत्तर आल्यावर त्यातील आकडे जसेच्या तसे ठेवून, त्या तरुणाच्याच नावाने, तहसीलदारांपुढे ठेवावे.