सीटीची चूक मीटरमध्ये कशी उतरते

२००/५ च्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे सीटीतून, २०० अँपिअर वाहिले की दुय्यम बाजूला नेमके ५ अँपिअर मिळायला हवेत. पण गाभ्यात चुंबकत्व निर्माण करायला थोडा प्रवाह खर्ची पडतो. त्यामुळे दुय्यम प्रवाह सहसा किंचित कमी भरतो, ही गुणोत्तर त्रुटी. आणि तो कोनानेही थोडा पुढे सरकतो, ही कला-कोन त्रुटी.

अँमीटरला कोनाशी देणेघेणे नसते, ऊर्जामीटरला मात्र असते. ०.५ वर्गाच्या सीटीला पूर्ण प्रवाहावर ३० मिनिटांची, म्हणजे अर्ध्या अंशाची सूट असते. पॉवर फॅक्टर १ असताना तिचा परिणाम जवळपास शून्य. तोच ०.५ लॅगिंग झाला की व्होल्टेज आणि प्रवाहातला ६० अंशांचा कोन मीटरला ५९.५ दिसतो आणि नोंद सुमारे दीड टक्क्याने फुगते. म्हणून केवळ गुणोत्तर तपासून सीटी पास करणे अपुरे.

रिलेचे दुखणे वेगळे. फॉल्टचा प्रवाह प्रचंड असतो. दुय्यम तारा लांब, बारीक असल्या की बर्डन वाढते आणि गाभा संतृप्त होतो. मग तरंगाचे माथे छाटले जातात, ओव्हरकरंट रिले उशिरा चालतो. डिफरन्शियल रिलेच्या एकाच बाजूची सीटी संतृप्त झाली, तर बाहेरच्या फॉल्टवरही तो उगाच ट्रिप देतो. ५पी२० सीटी वीसपट प्रवाहापर्यंत एकूण त्रुटी ५ टक्क्यांत ठेवते, पण बर्डन ठरल्या मर्यादेत असेल तरच.