गांडूळखत अडतं, शिवी सुटते

शेतीच्या व्हिडिओखाली एखादा शेतकरी विचारतो, ‘एकरी गांडूळखत किती टाकायचं?’ त्याची कमेंट कुणाला दिसतच नाही. त्याच्याच खाली कुणीतरी दिलेली शिवी मात्र सगळ्यांना दिसत राहते. शिव्या अडवणारी चाळणी घाईत बसवली की हे दोन्ही प्रकार एकाच वेळी घडू शकतात, आणि त्याचं कारण आपल्या लिपीच्या रचनेत आहे.

सगळ्यात साधी चाळणी म्हणजे शिव्यांची यादी. कमेंटमध्ये यादीतला अक्षरक्रम कुठेही आला की कमेंट अडकते. ‘गांडूळ’मधलं शेवटचं अक्षर झाकून बघा, म्हणजे शेतकऱ्याचा गुन्हा काय ते कळेल. शिवीचा धातू म्हणून दोनच अक्षरं यादीत टाकली, तर ‘भोसले’ आडनावाची सगळी माणसं गप्प होतात.

यावर इंग्रजीतला ठरलेला उपाय आहे: तुकडा नको, पूर्ण शब्द जुळला तरच अडवा. प्रोग्रॅममध्ये शब्दाची कड ओळखायला `\b` ही खूण वापरतात. मराठीत नेमकी इथेच गडबड होते. पायथॉनच्या नेहमीच्या `re` या साधनात मूळ अक्षर शब्दाचा भाग मानलं जातं, पण काना, उकार, अनुस्वार मानले जात नाहीत. त्यामुळे ‘गांडूळ’मध्ये दीर्घ उकार संपून ‘ळ’ सुरू होतो तिथे त्याला शब्दाची कड दिसते आणि गांडूळ पकडलं जातं. शिवी एकटी आली तर उकारापुढे मोकळी जागा असते. उकार आणि मोकळी जागा दोन्ही शब्दाबाहेरचे, म्हणून तिथे कड सापडत नाही आणि शिवी सुटते. चाळणी अगदी उलटी चालते, आणि इंग्रजी शब्दांवर तपासणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

म्हणून मराठीसाठी कड स्वतः ठरवावी लागते: शब्दाच्या मागेपुढे देवनागरीचं कुठलंही चिन्ह नको. पण एवढ्यानेही भागत नाही, कारण मराठी शब्द प्रत्यय घेऊनच फिरतो. ‘नालायक’ हा सौम्य शब्द घेऊ. लोक लिहितात नालायका, नालायकांनो, नालायकपणा. तेव्हा मूळ शब्द आणि त्याला लागू शकणारे प्रत्यय अशी जोडयादी करावी लागते. ‘ळ’ हा प्रत्यय नाही, त्यामुळे गांडूळ आपोआप सुटतं. हे काम मराठीचं व्याकरण जाणणाऱ्यानेच करायला हवं.

रोमन लिपीत अडचण वेगळी आहे, कारण तिथे प्रमाणलेखनच नाही. तोच शब्द कुणी nalayak लिहितो, कुणी naalaayak, nallayak, nalayk. प्रत्येक रूप यादीत घालत बसणं व्यर्थ आहे. त्याऐवजी तुलनेपुरती एक प्रत करतात: सगळी अक्षरं लहान, मधली टिंबं आणि न दिसणारी चिन्हं काढलेली, @ च्या जागी a, जोडून आलेलं तेच अक्षर एकदाच, आणि शेवटी स्वर गाळलेले. वरची चारही रूपं मग nlyk या एकाच सांगाड्यावर येतात. nalaik मात्र nlk होऊन निसटतं. ते हाताने यादीत घालावं लागतं.

हा सांगाडा लांब शब्दांना चांगला लागू पडतो. आखूड शब्दांना तो लावला की घात होतो. गांडुळातल्या त्या शिवीचा सांगाडा होतो gnd, आणि Gondia चाही तोच. अख्खं गोंदिया शहर शिवी ठरतं! स्वर ठेवून नुसता gand शोधला तर Gandhi आणि sugandh अडकतात. साधारण चार व्यंजनांपेक्षा लहान सांगाड्यावर विसंबू नये. तिथे पूर्ण रूपांची यादी आणि निर्दोष शब्दांची वेगळी यादी, दोन्ही ठेवाव्यात.

यापुढे शब्दांची चाळणी थांबते. ‘कुत्र्याला लस कधी द्यायची?’ आणि ‘कुत्र्या, गप्प बस’ यांतला फरक तिला कळत नाही. जातीवरून केलेला अपमान बहुतेकदा एकही शिवी न वापरता होतो. ज्या मुलीला शिवी दिली गेली, ती तक्रार करताना तोच शब्द उद्धृत करते आणि तिचीच कमेंट अडकते. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. वाक्याचा रोख ओळखायला संगणकाला माणसांनी वाचून खुणा केलेली उदाहरणं लागतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 2022 मध्ये ‘महाहेट’ हा असा संग्रह खुला केला. त्यात 25,000हून अधिक मराठी ट्विट्स आहेत आणि द्वेष, अपमान, अश्लील शिवी व यांपैकी काही नसलेलं, अशी त्यांची विभागणी आहे.

ज्यांच्या हाती अशी चाळणी आहे त्यांना दोन विनंत्या. अडकलेली कमेंट पुसू नका, माणसाच्या नजरेखालून जाईपर्यंत बाजूला ठेवा. आणि चाळणी सुरू करण्याआधी तिच्यातून गांडूळखत, भोसले, Gandhi आणि Gondia हे चार शब्द जाऊ देऊन बघा. एकही अडकला, तर ती अजून मराठी वाचकांसाठी तयार नाही.