उसनवारी निसर्गाची (भाग 5) : अळवाचं पान आणि दह्याचं झाकण

मागच्या भागात वेल्क्रो पाहिलं. आज अळू. भोपाळच्या अवधपुरीत कुणाच्या परसात किंवा कुंडीत अळू असेल, तर पानावर पाण्याचे चार थेंब टाका. ते गोल होऊन घरंगळतात आणि जाताना धूळही घेऊन जातात. आता पानाचा एक कोपरा बोटाने जोरात चोळा आणि तिथे थेंब टाका. तो बहुधा पसरून चिकटून बसेल. या दोन थेंबांतच आजचा सगळा धडा आहे.

कमळाचं पानही असंच वागतं. त्याच्यावर 10 ते 20 मायक्रॉन उंचीचे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या. थेंब फक्त शेंड्यांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. धुळीलाही पानाला घट्ट चिकटायला जागा मिळत नाही, म्हणून ती थेंबाबरोबर जाते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांना 1970च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे जाणवलं. गुळगुळीत पानं तपासण्याआधी पुसावी लागत, खडबडीत पानं मात्र स्वच्छच असत. 1997 साली त्यांनी ख्रिस्तोफ नाइनहुइस यांच्यासह हे तत्त्व सविस्तर मांडलं आणि 1999मध्ये ते वापरणारा ‘लोटुसान’ हा भिंतीचा रंग बाजारात आला.

मग सौर पॅनेललाही असाच थर का देऊ नये? इथे चोळलेला कोपरा आठवा. जिवंत पान झिजलेलं मेण पुन्हा तयार करू शकतं, थराला ते जमत नाही. पुसलं, घासलं की सूक्ष्म रचना मोडते. तेलकट धूर बसला की पाणी चिकटू लागतं. शिवाय धूळ न्यायला पाऊस लागतो. भोपाळमध्ये तो मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो, आणि पॅनेलवर धूळ साचते ती उरलेल्या कोरड्या महिन्यांत. म्हणजे पानाची युक्ती घेतली, पण पानाची परिस्थिती राहून गेली.

उलट दही घ्या. जपानच्या टोयो ॲल्युमिनियमने याच तत्त्वावर दह्याच्या डब्यांसाठी झाकणाचा पत्रा बनवला, त्याला दही चिकटत नाही. झाकण कुणी घासत नाही, ते ऊन-पाऊस सोसत नाही आणि एकदा उघडलं की त्याचं काम संपतं. थर नाजूक असला तरी तिथे चालतो.

म्हणून नवी कल्पना शोधताना आधी पानाला जे करता येतं ते लिहा: चिकटू न देणं. मग ते कशामुळे घडतं ते लिहा: खडबडीतपणा, मेण, दुरुस्ती, पाऊस. शेवटी यातलं आपल्या वस्तूला काय मिळणार नाही ते खोडा. श्रीखंडाच्या झाकणाची कल्पना अशी तपासता येईल, पण श्रीखंडात स्निग्धांश जास्त असतो. तेव्हा पहिली चाचणी पाण्याने न करता श्रीखंडानेच करावी.

पुढच्या भागात : खंड्याची चोच आणि जपानची रेल्वे.