तिसाव्या सेकंदाला काय होतं?

ऑनलाइन दुकानात आपण ऑर्डरचं बटण दाबतो, तेव्हा पैसे घेणं, गोदामाला कळवणं, पावती पाठवणं ही सगळी कामं त्याच क्षणी होतात असं नाही. बऱ्याच ठिकाणी दुकानाचा सर्व्हर ऑर्डरचा एक छोटा संदेश रांगेत ठेवून मोकळा होतो. मागे चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे ‘वर्कर’, रांगेतून संदेश उचलून पुढचं काम करतात. ही रांग आयती पुरवणाऱ्या सेवा आहेत. त्यांतली ॲमेझॉनची एसक्यूएस २००६ पासून सर्वांना खुली आहे. ग्राहकाच्या खात्यातून एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा का गेले, याचा शोध घेताना या रांगेचा एक नियम नीट समजून घ्यावा लागतो.

वर्करने संदेश उचलला तरी रांग तो पुसत नाही, फक्त काही काळ इतरांपासून लपवते. या काळाला ‘व्हिजिबिलिटी टाइमआउट’ म्हणतात. एसक्यूएसमध्ये आपण काही ठरवलं नाही तर तो ३० सेकंदांचा असतो. काम झाल्यावर संदेश पुसायला वर्करनेच सांगायचं. मुदतीत तसा निरोप आला नाही, तर रांग तो संदेश पुन्हा दाखवू लागते. या नियमामागे चांगलं कारण आहे: वर्कर मध्येच बंद पडला, तरी ऑर्डर हरवत नाही.

पण वर्कर बंद पडलाय की नुसता रेंगाळलाय, हे रांगेला कळत नाही. समजा, ऑर्डर क्रमांक ४८१७ चा संदेश पहिल्या वर्करने दहाच्या ठोक्याला उचलला. पेमेंट गेटवे त्या दिवशी मंद होता. उत्तर यायला ४१ सेकंद लागले. तिसाव्या सेकंदाला संदेश पुन्हा दिसू लागला, दुसऱ्या वर्करने तो उचलला आणि त्यानेही गेटवेकडे पैसे मागितले. दोघांनी आपापलं काम चोख केलं, आणि ग्राहकाला मात्र दोनदा भुर्दंड पडला. प्रत्येक संदेशासोबत तो किती वेळा दिला गेला याचा अंदाजे आकडा येतो, `ApproximateReceiveCount` या नावाने. तो एकाहून मोठा दिसू लागला की मुदत कमी पडते आहे, किंवा वर्कर मध्येच कोसळताहेत, असं समजावं.

यावर अनेकजण ‘फिफो’ रांगेकडे वळतात, म्हणजे जो आधी आला तो आधी जाईल अशी रांग. साध्या रांगेत क्रमाची हमी नसते, त्यामुळे ‘ऑर्डर रद्द’ हा निरोप मूळ ऑर्डरच्या आधी पोहोचू शकतो. फिफोमध्ये ऑर्डर क्रमांक हाच संदेशांचा गट ठेवला, की एका ऑर्डरचे निरोप क्रमाने जातात आणि वेगवेगळ्या ऑर्डरींचं काम एकाच वेळी चालतं. सगळ्या दुकानाला एकच गट दिला, तर मात्र एक अडकलेली ऑर्डर बाकीच्यांना थोपवून धरते.

फिफो दुबार संदेशही गाळते, पण फक्त रांगेत शिरताना. दुकानाच्या सर्व्हरने नेटवर्क तुटल्यामुळे तोच संदेश त्याच ओळखक्रमांकासह पाच मिनिटांच्या आत पुन्हा पाठवला, तर दुसरी प्रत पुढे जात नाही. आपल्या उदाहरणात संदेश रांगेत एकदाच शिरला होता, दुबार झाला तो बाहेर पडताना. तिथे मुदत संपली की फिफोसुद्धा तोच संदेश पुन्हा देते. ‘फिफो घेतली, आता काळजी नाही’ ही समजूत मला म्हणूनच धोक्याची वाटते.

मुदत वाढवता येते, काम चालू असतानाही. मात्र पहिल्यांदा उचलल्यापासून १२ तासांच्या पलीकडे ती जात नाही. शिवाय मुदत फार लांब ठेवली आणि वर्कर खरोखरच कोसळला, तर ऑर्डर तेवढा वेळ लपूनच राहते. म्हणजे दुबार संदेश येणारच, असं धरून वर्कर लिहायला हवा.

पैसे मागताना गेटवेला ऑर्डरवरून बनवलेली ठरलेली खूण द्यायची. त्याच खुणेची दुसरी मागणी आली, तर गेटवे नव्याने पैसे न कापता आधीचंच उत्तर परत देतो. स्ट्राइपसारख्या गेटवेंमध्ये ही सोय आहे. पण अशा खुणा गेटवे कायम जपतोच असं नाही; काही ठिकाणी एका दिवसानंतर त्या पुसल्या जाऊ शकतात. रांगेतला संदेश मात्र १४ दिवसांपर्यंत टिकू शकतो. म्हणून आपल्या डेटाबेसमध्येही नोंद हवी, आणि `order_id` वर एकमेवतेचं बंधन हवं:

```sql
INSERT INTO payments (order_id, status)
VALUES (4817, 'started')
ON CONFLICT (order_id) DO NOTHING;
```

नवी ओळ पडली नाही, तर आधी कुणीतरी हात घातलेला आहे. तेवढ्यावरून संदेश पुसून टाकणं चूक ठरेल, कारण पहिला वर्कर ओळ लिहून, पैसे घेण्याआधीच कोसळलेला असू शकतो. नोंद `started` वरच अडकलेली दिसली, तर त्या ऑर्डरचे पैसे जमा झाले का हे आधी गेटवेला विचारायचं, उत्तराप्रमाणे नोंद पूर्ण करायची आणि मगच संदेश पुसायचा.