ट्रेन, हॅम आणि न वाचलेली चिनी अक्षरं

ट्रेन आणि हॅम या दोन इंग्रजी शब्दांचा एकमेकांशी काय संबंध? अर्थाने पाहिलं तर काहीच नाही. एक आगगाडी, दुसरं डुकराचं खारवलेलं मांस. पण चिनी भाषेत आगगाडीला म्हणतात 'हुओछ' आणि हॅमला 'हुओथ्वे'. दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. 'हुओ' म्हणजे आग. चिनी लोकांची रेल्वेही आपल्यासारखीच आगीची गाडी आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला हे साम्य दिसायचं काही कारण नाही. मात्र तो वाचणारा मूळचा चिनी असेल तर?

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातले गीयोम तिएरी आणि यान जिंग वू यांनी २००७ साली याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात शब्द कसे साठवलेले असतात, एक भाषा वापरताना दुसरी गप्प बसते की नाही, हा वाद तोवर बराच रंगला होता. त्याआधीच्या अनेक प्रयोगांत दोन्ही भाषांचे शब्द मिसळून दाखवले जात. त्यावर सरळ आक्षेप येई की तुम्हीच दोन्ही भाषा जाग्या केल्यात, मग त्या जाग्या दिसल्या यात नवल काय? म्हणून या दोघांनी चिनी भाषा प्रयोगातून पूर्ण बाहेर ठेवली. सूचना इंग्रजीत, शब्द इंग्रजी. चिनी मातृभाषेच्या, इंग्रजी नंतर शिकून त्यात तरबेज झालेल्या लोकांना पडद्यावर एकापाठोपाठ दोन शब्द दाखवायचे आणि त्यांनी एवढंच सांगायचं, की या शब्दांचा अर्थाने संबंध आहे की नाही.

खरी मेख शब्दांच्या निवडीत होती. काही जोड्या अर्थाने जवळच्या होत्या, काही नव्हत्या. या दोन्ही गटांतल्या निम्म्या जोड्यांच्या चिनी भाषांतरात एक अक्षर सामाईक होतं. 'ट्रेन-हॅम' ही अर्थाने दूरची, पण चिनीत अक्षर सामाईक असलेली जोडी. 'ॲपल-टेबल' अर्थानेही दूर आणि चिनीतही वेगळी. हे छुपं साम्य भाग घेणाऱ्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्या उत्तरांवर किंवा उत्तराच्या वेगावरही त्याचा परिणाम झाला नाही. प्रयोग इथेच थांबला असता, तर चिनी भाषा झोपलेलीच आहे असा निष्कर्ष निघाला असता.

पण डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड वेगळं सांगत होते. शब्द दिसल्यानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक ऋण उंचवटा येतो. त्याला एन-४०० म्हणतात. शब्द अनपेक्षित असेल तर तो मोठा येतो, आधीच्या शब्दाने वाट मोकळी करून दिली असेल तर लहान. चिनी भाषकांमध्ये दुसऱ्या शब्दावरचा हा उंचवटा छुपं अक्षर सामाईक असताना लहान झाला. फक्त इंग्रजी येणाऱ्यांमध्ये तसं काही घडलं नाही. मग तेच शब्द चिनीत, म्हणजे अक्षर उघड दिसत असताना, फक्त चिनी येणाऱ्यांना दाखवले. तिथे अगदी तसाच बदल दिसला. हा शेवटचा टप्पा मला सर्वांत पटणारा वाटतो. न दाखवलेल्या अक्षराचा ठसा दाखवलेल्या अक्षराच्या ठशाशी जुळला.

जागं झालं ते नेमकं काय, अक्षराची आकृती की शब्दाचा आवाज? याच दोघांनी २०१० मध्ये ते वेगळं करून पाहिलं. चिनी भाषांतरांचा उच्चार जुळत होता तिथे परिणाम आला, नुसतं लेखन जुळत होतं तिथे आला नाही. म्हणजे इंग्रजी वाचताना आत चिनी आवाज उमटत होता.

असा प्रयोग मराठीसाठी रचायचा झाला, तर 'इन्शुरन्स-एअरप्लेन' ही जोडी चालेल, कारण मराठीत ती 'विमा-विमान' होते. 'शुगर-चेन'सुद्धा, म्हणजे 'साखर-साखळी'. पण इथे एक अडचण आहे. मराठी बोलतानाही कित्येक जण 'इन्शुरन्स'च म्हणतात, आणि 'ट्रेन' तर मराठीतच राहायला आली आहे. त्यामुळे या शब्दांना मराठीत काय म्हणाल, हे आधी वेगळ्या लोकांना विचारून ज्या जोड्या टिकतील त्याच घ्याव्या लागतील. नाहीतर परिणाम आला नाही तर मराठी जागी नव्हती की तो मराठी शब्दच त्या माणसाच्या वापरात नव्हता, हे कळणार नाही.

उलट दिशेने, म्हणजे मातृभाषा वापरताना शिकलेली भाषा जागी होते का? मायकेल स्पायव्ही आणि व्हिओरिका मारियन यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी येणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. समोर काही वस्तू, त्यांत टपाल तिकीट आणि मार्कर पेन. सूचना रशियनमध्ये, तिकीट उचलून ठेवण्याची. तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. 'मार्क…' एवढं कानावर पडेपर्यंत नजर क्षणभर मार्करकडे जाई, आणि नावात असं साम्य नसलेल्या वस्तूकडे जाई त्याहून जास्त वेळा. मार्करला रशियन नाव निराळं आहे. त्याच्याकडे नजर ओढली ती इंग्रजीने.

मात्र यासाठी ती दुसरी भाषा पुरेशी मुरलेली लागते. यानेट व्हान हेल आणि टोन डाइकस्ट्रा यांनी २००२ मध्ये डच मातृभाषेच्या लोकांना फक्त डच शब्द दाखवले. इंग्रजीशी साम्य असलेले डच शब्द लोक पटकन ओळखत. फ्रेंचशी साम्य असलेल्या शब्दांचा फायदा मात्र ज्यांचं फ्रेंच चांगलं होतं त्यांनाच झाला.

आता यातला कळीचा आक्षेप. आल्बेर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विचारलं, की चिनी भाषा त्या क्षणी जागी झाली असंच का मानायचं? नवी भाषा शिकताना आपण 'वॉटर म्हणजे पाणी' असं घोकतो. प्रत्येक नवा शब्द जुन्या शब्दाला बांधून घेतला जातो. शिकतानाच 'ट्रेन' आणि 'हॅम' दोन्ही आपापल्या चिनी शब्दांबरोबर वारंवार उजळत गेले, तर त्या दोन इंग्रजी शब्दांमध्ये थेट धागा तयार होऊ शकतो. मग पुढे इंग्रजी वाचताना चिनी शब्द जागा न होताही तोच परिणाम मिळेल. तिएरी आणि वू यांच्या बाजूने याला उत्तर दिलं गेलं, पण आक्षेप मला वजनदार वाटतो. मेंदूची लहर परिणाम दाखवते, तो कुठल्या वाटेने आला ते दाखवत नाही.

तरी एक निष्कर्ष या आक्षेपाला सहज गिळता येत नाही. २०१२ मध्ये वू आणि तिएरी यांना आढळलं, की इंग्रजी शब्द क्लेशकारक भावनेचा असेल तर चिनी जुळणीचा परिणाम दिसत नाही. सुखद आणि तटस्थ शब्दांना तो दिसतो. शिकतानाच पक्क्या झालेल्या धाग्याने शब्दाची भावना पाहून मागे का हटावं? मातृभाषेतला बोचरा शब्द मेंदू अडवून धरतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

कोस्टांच्या तर्काची परीक्षा मराठी घरांत चांगली घेता येईल. मराठी माध्यमात पाचवीपासून शब्दार्थ पाठ करत इंग्रजी शिकलेल्या पिढीत 'साखर-साखळी'चा ठसा ठळक यायला हवा. दोन्ही भाषा पहिल्यापासून कानावर पडलेल्या, शब्दार्थाची वही कधीच न केलेल्या मुलांत तो फिका पडायला हवा. दोन्ही गटांत तो सारखाच आला, तर त्या क्षणी मराठी खरोखर जागी होते असं म्हणायला जास्त आधार मिळेल.