कालचा वास

आमच्याकडे रोज सकाळी सव्वाआठला एक काका येतात. वर्तमानपत्राची घडी काखेत, कॅपुचिनो बिनसाखरेचा, बिस्किटं घरून आणलेली. मागच्या पावसाळ्यात एकदा त्यांनी पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज कॉफीला कालचा वास येतोय."

आमचं दुकान म्हणजे पुण्यातल्या एका गल्लीतला दीड गाळा. दोन ग्रुपचं एस्प्रेसो मशिन, एक ग्राइंडर, काचेच्या दाराचा फ्रिज आणि काउंटरमागे दोन माणसं. वास कुठून येतो हे शोधायला फार जागाच नव्हती. आधी नुसता एस्प्रेसो काढून चाखला. ठीक होता. मग फ्रिजमधल्या पिशवीतलं थंड दूध चाखलं. तेही ठीक. मग तेच दूध वाफेवर गरम करून चाखलं आणि वास सापडला. कॉफीही निर्दोष, दूधही निर्दोष. दोष त्या दोघांच्या मधल्या वाफेच्या नळीत होता.

बाहेरून नळी चकचकीत होती, कारण पोरगा ती दर कपानंतर ओल्या फडक्याने पुसत होता. पण दूध नळीच्या आतही जातं. वाफ बंद केली की आत उरलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, तिची जागा रिकामी होते आणि नळी दूध वर ओढून घेते. पुढच्या वेळी वाफ सोडली की त्यातलं थोडं बाहेर पडतं, उरलेलं आतल्या उष्णतेने भाजून चिकटतं. पातेल्याच्या बुडाला खरवड धरते तसंच हे. नळीच्या टोकाची छोटी टोपी फिरवून काढली तर आत पिवळट थर निघाला. आणि भिंतीवरच्या यादीत आदल्या रात्रीच्या 'स्टीम नळी साफ' या ओळीसमोर टिचकी केलेली होती!

तेव्हापासून मी दुकानाची यादी रात्रीपासून मोजायला लागलो. कागदावर 'उघडताना' आधी आणि 'बंद करताना' नंतर छापलेलं असतं, पण कामाचा क्रम उलटा आहे. रात्री जे राहतं ते सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या कपात येतं.

नळीचं रात्रीचं काम तसं पाच मिनिटांचं. जगात गरम पाणी आणि दुधाचा थर काढणारं द्रावण घ्यायचं, नळी त्यात बुडवून क्षणभर वाफ सोडायची, काही मिनिटं तशीच ठेवायची. मग नळी निवू द्यायची, टोपी काढायची, तिची भोकं बारीक ब्रशने मोकळी करायची. शेवटी स्वच्छ पाण्याच्या जगात पुन्हा वाफ सोडायची. टोपी गरम असताना काढायला गेलं तर बोटं भाजतात, हे मी अनुभवाने सांगतो. दिवसभराचा नियम याहून सोपा आहे: दूध गरम करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, रिकाम्या फडक्यात वाफ सोडायची. आधीच्याने साचलेलं पाणी जातं, नंतरच्याने ओढलं गेलेलं दूध. पोरगा पुसत होता, पण नंतरची वाफ सोडायला गर्दीत विसरत होता.

मशिनच्या दुसऱ्या बाजूला, जिथे कॉफी निघते, तिथे दुधाऐवजी तेल साचतं. शॉट बंद केल्यावर हँडलमधल्या कॉफीवर राहिलेला दाब एका झडपेतून मागे, सांडपाण्याच्या वाटेने सुटतो. त्याच्याबरोबर कॉफीची बारीक पूड आणि तेलही मागे जातं. दिवसभरात शंभर कप झाले तर शंभर वेळा. ते तेल रात्रभर गरम धातूवर राहिलं की खवट होतं, तळणीच्या जुन्या तेलासारखं. म्हणून रात्री बॅकफ्लश करायचा. हँडलमध्ये बिनभोकाची बास्केट बसवायची, तिच्यात पाऊण चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम, मशिनसाठीची पावडर टाकायची आणि पाणी चालू करायचं. पाण्याला पुढे वाट नाही. दहा सेकंदांनी बंद केलं की साबणाचं पाणी त्याच झडपेतून, त्याच मळक्या वाटेने मागे जातं. दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा. मग पावडरशिवाय, मागे येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तेच. सगळ्या मशिनांना हे चालत नाही. ज्यांना ही झडप नाही, उदाहरणार्थ पुष्कळशी हाताच्या लिव्हरची मशिनं, त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

बास्केट आणि हँडलचा धातूचा भाग त्याच पावडरच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, मूठ मात्र पाण्याबाहेर. धुतल्यावर बास्केट उजेडासमोर धरून बघायची. सगळी भोकं दिसली पाहिजेत. खालच्या ट्रेच्या नाल्यात जगभर गरम पाणी ओतायचं, नाहीतर कॉफीचा चिखल साचून एके दिवशी ट्रे भरून वाहतो, आणि तो दिवस नेमका रविवार असतो.

ग्राइंडरला पाणी लागू द्यायचं नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. बंद करताना हॉपरची खालची खिडकी सरकवायची, वरच्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात काढायच्या आणि आत उरलेल्या दळून संपवायच्या. हॉपर कोरड्या फडक्याने पुसायचा. त्याच्या काचेसारख्या भिंतीवर बोट फिरवलं तर तुपकट लागतं, तेच तेल. बोटाला चकाकी दिसली तर आठवड्यात एकदा हॉपर वेगळा काढून साबणाने धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवायचा. दळणाऱ्या चकत्या, जात्याच्या दोन दगडांसारख्या त्या असतात, त्यांना ब्रश आणि कोरडं फडकं एवढंच.

आता सकाळ. मशिन आम्ही रात्री बंद करतो, त्यामुळे शटर उघडताच पहिलं बटण त्याचं. दोन्ही हँडल ग्रुपमध्येच लावून ठेवायची, म्हणजे तीही तापतात. पूर्ण तापायला पाऊण तास लागतो. इथे नवीन माणूस हमखास फसतो. पंधरा मिनिटांतच बॉयलरचा काटा एक बारच्या पुढे जातो आणि वाटतं, झालं. पण आत अडकलेली हवा तापून फुगलेली असते, काटा तिचा दाब दाखवत असतो. नळीतून वाफ सोडून बघायची. नुसती हवा फसफसली आणि काटा खाली पडला, तर मशिन अजून थंडच आहे. खरी वाफ आवाज करत सलग निघाली की मग विश्वास ठेवायचा. त्यानंतर दोन्ही ग्रुपमधून दहा-दहा सेकंद पाणी सोडायचं, रात्रभर राहिलेलं पाणी कपात नको.

मशिन तापेपर्यंत दूध. आमच्याकडे दूधवाला साडेपाचला क्रेट शटरबाहेर ठेवून जायचा आणि आम्ही साडेसातला यायचो. दोन तास पिशव्या रस्त्यावर. नासलेलं दिसत नव्हतं, पण संध्याकाळी फेस धड येईना. आता तो थर्माकोलच्या बर्फाच्या पेटीत ठेवतो, आणि आल्या आल्या त्या पिशव्या फ्रिजच्या मागच्या बाजूला जातात, जुन्या पुढे येतात. फ्रिजच्या बाहेरच्या आकड्यावर जाऊ नये. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवायचा. दार सारखं उघडझाप होत असतं, हवेचं तापमान वरखाली होतं, पाण्याचं तेवढं होत नाही. ते चार अंश किंवा खाली हवं. पिशवी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची. गरम करून उरलेलं दूध पुन्हा गरम करायचं नाही आणि नव्यात मिसळायचं नाही. मला सुरुवातीला हे टाकणं जिवावर यायचं. मग आम्ही छोटा जग घेतला, आणि टाकायला फारसं उरेनासंच झालं.

शेवटी ग्राइंडर जुळवणं, आणि हेच सकाळचं खरं काम. परवाची सकाळ सांगतो. आमचं माप अठरा ग्रॅम पुडीतून छत्तीस ग्रॅम कॉफी, सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांत. पहिला शॉट एकोणीस सेकंदांतच भरला, पातळ आणि आंबट. पोराने लगेच दळण बारीक करायला हात घातला. मी म्हटलं, "थांब रे, आधी कालची पूड जाऊ दे." कितीही झाडलं तरी रात्रीची थोडी पूड नळकांड्यात उरतेच, आणि शिळी पूड पाणी धरून ठेवत नाही. दहा ग्रॅम दळून फेकलं, पुन्हा शॉट काढला: तेवीस सेकंद. म्हणजे अर्धा दोष शिळ्या पुडीचा होता. बिया भाजून आठवडा उलटला होता. बिया जुन्या झाल्या की त्यांतून पाणी लवकर निघतं, उरलेला दोष तो. मग दळण अर्धा घर बारीक, पाच ग्रॅम फेक, पुन्हा शॉट. सत्तावीस सेकंद. चाखला, ठीक होता. पोराने पहिल्या एकोणीसवरच दळण बारीक केलं असतं, तर शिळी पूड संपल्यावर शॉट अडखळत, कडू निघाला असता आणि आठ वाजता पुन्हा उलटं फिरवावं लागलं असतं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि सेकंद जुळले तरी जीभ लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काकांच्या त्या सकाळनंतर आम्ही भिंतीवरच्या यादीतून टिचक्या काढून टाकल्या. दहा टिचक्या दहा सेकंदांत होतात, रिक्षा धरायची घाई असली की पाचच सेकंदांत. आता तिथे आकडे लिहायचे असतात: पेल्यातल्या पाण्याचे अंश, बॉयलरचा दाब, शेवटच्या शॉटचे सेकंद, पहिली पिशवी उघडल्याची वेळ. जिथे आकडा नाही, तिथे काढलेली वस्तू दिसली पाहिजे. नळीची टोपी रात्री एका स्टीलच्या वाटीत मशिनवर ठेवलेली असते, आणि सकाळी ती लावल्याशिवाय दूध गरमच करता येत नाही. पोराने पहिल्या आठवड्यात कुरकुर केली. "दादा, एवढं कोण वाचतं?" मी वाचतो, म्हटलं. खरं तर रोज वाचत नाही, पण दूध जरा लवकर फाटायला लागलं तेव्हा मागचे चार दिवसांचे अंश वाचले आणि फ्रिज पाचवरून सातवर सरकत चाललेला दिसला. दाराचं रबर गेलं होतं.

तुम्ही गिऱ्हाईक असाल तर यातलं काहीच तुम्हाला दिसणार नाही, नळी सोडून. ऑर्डर द्यायच्या आधी तिच्याकडे एकदा बघा. तिच्यावर वाळलेलं दूध असेल, तर त्या दिवशी काळी कॉफी घ्या.