काम झालंय, बिल नाही: महिनाअखेरीला त्याची नोंद कशी करायची?



समजा, तुमचं धाराशिवमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. भूमच्या एका खवा युनिटचं शेड तुम्ही मजुरीवर घेतलंय. लोखंड मालकाचं, तुमची मजुरी किलोला २० रुपये. एकूण काम ५,००० किलो, म्हणजे १,००,००० रुपये. बिल शेड पूर्ण झाल्यावरच निघणार.

३१ जानेवारीपर्यंत ३,२०० किलो काम उभं राहिलं. कामगारांचे पगार, रॉड, डिझेल मिळून जानेवारीचा खर्च ४२,००० झाला. बिल नाही म्हणून उत्पन्न शून्य धरलं, तर वही सांगते जानेवारीत ४२,००० तोटा. फेब्रुवारीत आणखी ३३,००० खर्च होऊन काम संपतं, लाखाचं बिल निघतं आणि वहीत ६७,००० नफा दिसतो. दोन्ही आकडे फसवे आहेत.

आता ३१ जानेवारीला ३,२०० × २० = ६४,००० रुपयांची नोंद करा. टॅलीमध्ये F7 दाबून जर्नल व्हाउचर टाका:

```
बिल न झालेलं उत्पन्न खाते   नावे   ६४,०००
  मजुरी उत्पन्न खाते         जमा   ६४,०००
```

पहिलं खातं `Current Assets` ग्रुपमध्ये ठेवा, `Sundry Debtors` मध्ये नको. बिलच दिलेलं नाही, त्यामुळे ही अजून वसुलीची उधारी नाही. यात जीएसटी धरू नका, तो बिलात येईल.

१ फेब्रुवारीला हीच नोंद उलटी टाका. हे विसरलात, तर लाखाचं बिल निघाल्यावर ६४,००० दोनदा उत्पन्नात येतात. कसं ओळखायचं? बिल दिल्यावरही पहिल्या खात्यात या कामाची शिल्लक दिसत असेल, तर उलट नोंद राहिली आहे.

आता खरं चित्र बघा. जानेवारीत ६४,००० वजा ४२,०००, म्हणजे २२,००० नफा. फेब्रुवारीत ३६,००० वजा ३३,०००, म्हणजे फक्त ३,०००. एकूण नफा आधीही २५,००० होता, आताही तेवढाच आहे. पण शेवटच्या टप्प्याने कमाई खाल्ली, हे आता कळलं. वरच्या कैच्या चढवायला हायड्रा आणि जादा माणसं लागली असतील, तर पुढच्या कोटेशनमध्ये उंचीवरच्या कामाचा दर वेगळा लावा.

शेवटी एक पथ्य पाळा. मोजता येणारं आणि दर ठरलेलं कामच उत्पन्नात घ्या. मालकाने तोंडी सांगितलेलं जादा गेट, ज्याचा दरच ठरला नाही, ते यात धरायचं नाही. ३१ तारखेला साइटवर वजन मोजा, वहीत लिहा, मालकाची सही घ्या. तोच कागद या व्हाउचरला जोडा. पुढे तुमच्या सीएने "हे ६४,००० कुठून आले?" असं विचारलं, तर दाखवायला तोच कामाला येतो.